भिंतीतली जुनी कॅट-५ई आणि अडीच गिगाबिट: चौदा अ‍ॅक्सेस पॉइंट्सचं प्रकरण

पुण्यातलं एक तीन मजली ऑफिस. जाहिराती आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी मंडळी, एकूण साठेक माणसं. जुने अ‍ॅक्सेस पॉइंट काढून वायफाय ६ चे चौदा नवे बसवायचे ठरलं होतं. प्रत्येकाच्या पाठीमागे अडीच गिगाबिटचा पोर्ट. स्विचही नवा, ४८ पोर्टचा, सगळे पोर्ट अडीच गिगाबिटचे आणि त्यातूनच पॉवर देणारा. माझ्याकडे काम आलं तेव्हा दोन्ही वस्तूंची खरेदी झालेली होती. राहिला होता एकच प्रश्न, आणि त्याचं कोटेशन मॅनेजरसाहेबांनी माझ्यापुढे सरकवलं: 'सर्व पॉइंट कॅट-६ए ने पुन्हा ओढणे'. रक्कम चार लाखांच्या वर. भिंतीत होती २०१३ ची कॅट-५ई.

"ही केबल एक गिगाबिटचीच असते ना? मग अडीच कशी जाणार?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि कोटेशन देणाऱ्यांचा धंदा बहुतेक वेळा याच प्रश्नावर चालतो.

उत्तर असं की अडीच गिगाबिट हा वेग मुळात याच केबलसाठी काढला गेला. २००६ साली दहा गिगाबिटचं तांब्यावरचं मानक आलं. त्याला पूर्ण शंभर मीटरसाठी कॅट-६ए लागते. जगभरातल्या भिंतींत मात्र कॅट-५ई आणि कॅट-६ गाडलेली होती, आणि वायफाय तेवढ्यात एक गिगाबिटच्या पुढे निघालं. म्हणून २०१६ साली 802.3bz हे मानक मंजूर झालं. त्याने दहा गिगाबिटचीच सिग्नल पाठवायची पद्धत घेतली आणि ती हळू चालवली. दहा गिगाबिटला प्रत्येक जोडीवर सेकंदाला ८० कोटी चिन्हं जातात, पाचला ४० कोटी आणि अडीचला २० कोटी. चिन्हं कमी म्हणजे लागणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टाही कमी: दहाला ४०० मेगाहर्ट्झ, पाचला २००, अडीचला १००. कॅट-५ई तपासलीच जाते १०० मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे अडीच गिगाबिट तिच्या मापात अगदी काठोकाठ बसतं.

त्यावरून अंतरांचा हिशोब सोपा होतो. कॅट-५ई वर अडीच गिगाबिट १०० मीटर. हे १०० मीटर पूर्ण चॅनेलचे, म्हणजे भिंतीतले ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०. कॅट-६ ची मर्यादा २५० मेगाहर्ट्झ, म्हणून तिच्यावर पाच गिगाबिटही १०० मीटर जायला हवं. कॅट-५ई वर पाच गिगाबिट लहान अंतरात लागतं, पण ते मी कोणाला लिहून देणार नाही. दहा गिगाबिट कॅट-६ वर साधारण ५५ मीटर, आणि कॅट-६ए वर १००. 'ई' नसलेली जुनी साधी कॅट-५ या हिशोबात धरलेलीच नाही. वीस मीटरवर चालून जाते, पण चालली तर नशीब.

या ऑफिसातली सर्वांत लांब लाइन ८४ मीटर होती. कागदावर चौदाच्या चौदा लाइन अडीचवर यायला हव्या होत्या. मी साहेबांना म्हटलं, आधी लावून बघू, एकही केबल ओढू नका.

थोडं विषयांतर करतो, कारण हा प्रश्न कोणी विचारत नाही: या लोकांना अडीच गिगाबिट हवं होतं का? दोन अँटेनांचा साधा लॅपटॉप ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर वायफाय ६ मध्ये ५७४ मेगाबिटला जोडला जातो, आणि हातात पडतं त्याच्या साधारण साठ-सत्तर टक्के. अशा ऑफिसात अ‍ॅक्सेस पॉइंट एक गिगाबिटची तार भरूच शकत नाही. ८० मेगाहर्ट्झवर तोच लॅपटॉप १२०१ ला जोडतो. तेव्हा दोन रेडिओ मिळून तार अधूनमधून भरते. १६० वर २४०२ ला जोडतो, तिथे मात्र एक गिगाबिट स्पष्टपणे आड येतं. इथे एडिटिंगच्या हॉलमधल्या चार अ‍ॅक्सेस पॉइंटवर फूटेज सर्व्हरवर टाकायचं काम दिवसभर चालतं; तिथे ८० आणि १६० वापरायचे होते. बाकी दहा ठिकाणी, रिसेप्शन धरून, एक गिगाबिट पुरून उरलं असतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

एका शनिवारी सगळे बसवले. अकरा लाइन पहिल्याच फटक्यात अडीचवर आल्या, त्यात ८४ मीटरवालीही होती. तीन आल्या नाहीत, आणि आलेल्यांपैकी एकीने नंतर त्रास दिला. या चौघींची तऱ्हा वेगळी होती.

पहिली १०० मेगाबिटवर आली. या आकड्यावर फार विचार करायची गरज नसते. एक गिगाबिट असो वा अडीच, दोन्हींना चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच, नारिंगी आणि हिरवी. म्हणजे निळी किंवा तपकिरी तुटलेली. आयओ, म्हणजे भिंतीवरचा केबलचा सॉकेट, उघडला, तपकिरी पांढरीची तार पिनेत बसलेलीच नव्हती. पंचिंग टूलने पुन्हा दाबली, पाच मिनिटांत अडीच. दहा वर्षं तिथे १०० वरच काम चाललं होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसरी गच्चीवरची. ती १००० वर अडकली. इथे मी नेहमी एक गोष्ट आधी बघतो: समोरचा पोर्ट अडीच देऊ करतोय का? अ‍ॅक्सेस पॉइंट काढून त्याच्या जागी अडीचचं यूएसबी कार्ड लावलेला लिनक्सचा लॅपटॉप जोडला आणि विचारलं (`enp3s0` च्या जागी आपल्या कार्डाचं नाव):

```
ethtool enp3s0
```

यात `Link partner advertised link modes` ही ओळ महत्त्वाची. तिथे `2500baseT/Full` नसेल तर दोष पोर्टचा: स्विचवर वेग बांधून ठेवलेला असतो, किंवा दहा गिगाबिटचा जुना पोर्ट असतो ज्याला दहा आणि एक एवढंच कळतं, मधलं अडीच-पाच माहीतच नाही. (अ‍ॅक्सेस पॉइंट लागलेला असताना आणखी एक शक्यता असते. काहींना दोन पोर्ट असतात, एक अडीचचा आणि एक साधा, आणि केबल साध्यात जाते. मीही हे केलंय.) पण ओळीत `2500baseT/Full` असून `Speed: 1000Mb/s` दिसत असेल, तर दोघांचं बोलणं अडीचवर ठरलं होतं, प्रत्यक्ष सिग्नल जुळवायला गेले तेव्हा जमलं नाही आणि ते खाली उतरले. मग दोष मधल्या वाटेत. ते आधीचं बोलणं अगदी मंद पल्सवर चालतं, खराब वाटेवरूनही पार जातं, म्हणून हा फरक दिसतो.

गच्चीवर ओळ होती, वेग नव्हता. वाटेत काय आहे ते बघायला वर गेलो तर पॅरापेटला लावलेल्या डब्यात सर्ज प्रोटेक्टर, वर छापलेलं 'गिगाबिट'. तो बाजूला काढून केबल थेट जोडली, अडीच आलं. पण गच्चीवर प्रोटेक्टरशिवाय ठेवणार नाही. पावसाळ्यात वीज पडली की स्विचचा पोर्टही जातो. त्यामुळे जुना परत लावला आणि ती लाइन एक गिगाबिटवर ठेवली. गच्चीवर चहा प्यायला येणाऱ्यांना तेवढं पुरे. स्विचला पीओई, म्हणजे केबलमधूनच पॉवर द्यायची सोय, नसताना जे इंजेक्टर वापरतात, त्यांचीही हीच गोष्ट: अंगावर गिगाबिट लिहिलेला इंजेक्टर अडीच जाऊ देईलच असं नाही.

तिसरी पहिल्या मजल्यावरच्या मीटिंग रूमची. तीही १००० वर, आणि दिवसातून दोनदा लिंक पडायची. केबल टाकणारे काका सोबत होते. फॉल्स सीलिंगची टाइल उचलून त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "साहेब, इथे कोणीतरी गाठ मारलीय." खरंच गाठ होती. मध्यंतरी पार्टिशन हलवलं तेव्हा केबल वीस मीटर कमी पडली, म्हणून कोणीतरी आठही तारा पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळून दुसरी केबल जोडली होती. पट्टी सोडली तर जोड्यांचा पीळ पाच-सहा सेंटिमीटर उकललेला. कॅट-५ई ला टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ सोडायचा नसतो. एक गिगाबिटने हे सहन केलं, अडीचने नाही.

वाढवलेली केबल हातात घेतल्यावर हलकी लागली. काकांनी ब्लेडने तार खरवडली; तांबूस वर्खाच्या आत पांढरं दिसलं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ज्याला बाजारात सीसीए म्हणतात. खात्रीसाठी त्या वीस मीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला एक जोडी एकमेकींना चिकटवली आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला. खरं तांबं असतं तर १०० मीटरच्या एका तारेला जास्तीत जास्त ९.४ ओहमच्या आसपास. वीस मीटर जाऊन-येऊन म्हणजे ३.८ च्या आत. मीटर ६.१ दाखवत होता. अशा तारेतून पॉवर पाठवली की ती जागोजागी तापते आणि क्रिंपिंगपाशी आधी सैल होते, लिंक पडत होती ती बहुधा त्यानेच. सीसीए कोणत्याही कॅटेगरीच्या मानकात बसत नाही, मग केबलवर काहीही छापलेलं असो. ही एकच लाइन आम्ही नव्याने ओढली, ७० मीटर, शुद्ध तांब्याची कॅट-६. कॅट-६ का, तर मजुरी तीच आणि केबलमधला फरक किरकोळ.

आता चौथी. ही खरी.

एडिटिंग हॉलमधल्या चारपैकी एक, ७८ मीटरची. ती अडीचवर आलेली होती. स्क्रीनवर सगळं हिरवं. शनिवारी, रविवारी काहीही दोष नाही. सोमवारी दुपारी फोन आला: त्या कोपऱ्यात बसणाऱ्यांचे व्हिडिओ कॉल अडकतात आणि फूटेज चढताना वेग मध्येच कोसळतो. डाउनलोड मात्र ठीक. सगळ्यांनी वायफायला दोष दिला आणि मीही आधी तासभर चॅनेल बदलण्यात घालवला.

मग स्विचवर त्या पोर्टचा एफसीएस एररचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या फ्रेम मोजणारा, काउंटर पाहिला. हजारांत. अडीच गिगाबिटच्या मानकाची अपेक्षा आहे की एक लाख कोटी बिटांत फार तर एक चूक. पूर्ण वेगाने सेकंदाला अडीचशे कोटी बिट धरले तर हे होतं ४०० सेकंदांत एक, म्हणजे सात मिनिटांत एखादी. त्यावरून मी घरगुती कसोटी ठरवून घेतली आहे: लॅपटॉप अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जागी लावायचा, स्विचच्या बाजूच्या सर्व्हरकडे दहा मिनिटं पूर्ण भार टाकायचा आणि काउंटर किती सरकला ते पाहायचं. एक-दोन सरकला तर सोडून द्यायचं.

```
iperf3 -c 192.168.10.5 -t 600
```

निरोगी अडीचची लाइन इथे साधारण २.३५ गिगाबिट दाखवते (एक गिगाबिटची ०.९४). ही १.६ वर लडखडत होती आणि दहा मिनिटांत काउंटर ३४० ने सरकला. उलट दिशेने, `-R` लावून, २.३५ आणि लॅपटॉपकडे एकही चूक नाही. म्हणजे चुका फक्त स्विचला ऐकताना होत होत्या.

रात्री नऊला पुन्हा तीच चाचणी केली. शून्य.

पहिला विचार येतो की रात्री रहदारी नसते म्हणून. पण तो बरोबर नाही. गिगाबिटपासून पुढे तारेवर सिग्नल सततच चालू असतो. पाठवायला डेटा नसेल तर रिकामी चिन्हं जात राहतात. शेजारच्या तारांतून होणारा त्रास शेजारी किती काम करतोय यावर फारसा अवलंबून नसतो, तो जोडलेला आहे की नाही यावर असतो. रात्री काय बंद झालं होतं? एडिटरांचे पीसी. आणि तेव्हा लक्षात आलं, स्विचचे सगळेच पोर्ट अडीचचे. त्या पीसींच्या मदरबोर्डवरही अडीचचं कार्ड होतं. जुन्या स्विचवर ते निमूटपणे एक गिगाबिटवर होते; नवा स्विच लागताच, कोणी न सांगता, सगळे अडीचवर चढले.

रॅकपाशी गेलो. एडिटिंग हॉलच्या चोवीस केबल एकाच जुडग्यात, दर वीतभर अंतरावर केबल टायने करकचून आवळलेल्या. दिसायला देखणं काम. रॅकपासून शाफ्टपर्यंत पंचवीसेक मीटर त्या एकमेकींना चिकटून जात होत्या, आणि आमची लाइन जुडग्याच्या बरोबर मध्यात होती.

एकाच केबलमधल्या चार जोड्यांचा एकमेकींना होणारा त्रास स्विचमधली चिप गणित करून वजा करू शकते, कारण तिथे काय पाठवलं ते तिला माहीत असतं. शेजारच्या केबलमध्ये काय चाललंय ते तिला कळायला मार्ग नाही. शेजारच्या केबलच्या या त्रासाला एलियन क्रॉसटॉक म्हणतात. कॅट-५ई आणि कॅट-६ च्या मानकांत त्याची मर्यादाच ठरवलेली नाही. ती कॅट-६ए पासून सुरू होते. म्हणूनच २०१३ चा त्या लाइनचा 'पास' लिहिलेला टेस्ट रिपोर्ट खोटा नव्हता, त्याने ही गोष्ट मोजलीच नव्हती. आणि दिशाही जुळत होती: रॅकच्या टोकाला शेजारचे पोर्ट ताजा, जोरकस सिग्नल सोडत असतात, तर आपला सिग्नल ७८ मीटर चालून दमून आलेला असतो. गोंगाट तिथेच त्याच्यावर पडतो.

खात्री करायची पद्धत स्वस्त आहे. दुपारी, सगळे कामात असताना, जुडग्यात आमच्या लाइनला लागून असलेले सहा पोर्ट परवानगी घेऊन दहा मिनिटं बंद केले. काउंटर ३४० वरून ११ वर. चालू केले, पुन्हा तीनशेच्या वर. यापुढे शंका घ्यायला जागा उरली नाही. केबलच खराब असती तर शेजारी बंद करून काहीच फरक पडला नसता.

उपाय तीन टप्प्यांत केले, मधे मोजत मोजत. आधी काकांनी रॅकपासून शाफ्टपर्यंतचे सगळे केबल टाय कापले आणि केबल ट्रेमध्ये मोकळ्या पसरून सैल वेल्क्रो लावला. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "एवढं सुंदर ड्रेसिंग, आणि तुम्ही गवताची पेंढी करायला सांगताय." पण काउंटर ३४० वरून ४० वर आला. सर्वांत मोठा फरक या फुकटच्या कामानेच पडला. मग चारही अ‍ॅक्सेस पॉइंटच्या केबल ट्रेच्या एका कडेला वेगळ्या घेतल्या, पॅच पॅनेलवर एकमेकींपासून लांबच्या पोर्टवर बसवल्या आणि त्यांच्या रॅककडच्या पॅच कॉर्ड कॅट-६ए च्या लावल्या: ६. शेवटी ज्या पीसींना अडीचची गरज नव्हती त्यांचे पोर्ट स्विचवरच एक गिगाबिटवर बांधले. लिनक्सच्या दोन मशीनवर स्विचला हात न लावता आधी हेच करून पाहिलं होतं:

```
ethtool -s enp3s0 speed 1000 duplex full autoneg on
```

इथे `autoneg on` विसरायचं नाही. गिगाबिटला वाटाघाट लागतेच, या आज्ञेने फक्त देऊ केलेला वेग कमी होतो. यानंतर दहा मिनिटांच्या चाचणीत चुका शून्य, एकदा एक. फूटेज चढताना २.३ च्या खाली वेग गेला नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं टाळायला कॅट-६ए च ओढायची होती. नवी इमारत असती तर मीही तेच सांगितलं असतं. तिथे पाच आणि दहा गिगाबिटचाही विचार होतो. इथे चार लाखांच्या कोटेशनऐवजी एक ७० मीटरची लाइन, चार पॅच कॉर्ड आणि काकांची दोन दिवसांची मजुरी लागली. सगळं जसं होतं तसं ठेवून फक्त कॅट-६ नव्याने ओढली असती आणि तशीच करकचून बांधली असती, तरी एलियन क्रॉसटॉकची हमी त्या मानकातही नव्हतीच.

एक गोष्ट अजून तपासायची आहे. तांब्यातून सिग्नल किती विरतो ते तापमानावरही ठरतं: २० अंशांच्या वर ४० पर्यंत दर अंशाला साधारण ०.४ टक्के, त्यापुढे ०.६. ही चाचणी डिसेंबरात झाली. मे महिन्यात गच्चीखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये, वर पीओईची ऊब धरून, ४५ अंश सहज होतात. म्हणजे अकरा टक्के जादा तोटा, आमच्या ७८ मीटरच्या लाइनला जणू ८६-८७ मीटर. मॅनेजरसाहेबांना सांगून ठेवलंय, मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला, सगळे पीसी चालू असताना, लॅपटॉप घेऊन येतो.